‘दे’ आणि ‘देऊ नकोस’: फ्रेंच आज्ञेतली दोन सर्वनामे

फ्रेंचमध्ये ‘ती मला दे’ हे वाक्य ‘दॉन-ला-म्वा’ असे होते, आणि ‘ती मला देऊ नकोस’ हे ‘न म ला दॉन पा’ असे. ‘ती’ म्हणजे समजा किल्ली; फ्रेंचमध्येही किल्ली स्त्रीलिंगीच आहे. होकारार्थी आज्ञेत आधी क्रियापद, मग ‘तिला’ दाखवणारे ‘ला’ आणि शेवटी ‘मला’ दाखवणारे ‘म्वा’ येते. नकार आला की ही रांग मोडते. दोन्ही सर्वनामे क्रियापदाच्या पुढून उठून त्याच्या आधी जाऊन बसतात, जाताना आपसातली जागा बदलतात, आणि त्यातल्या एकाचे रूपही ‘म्वा’चे ‘म’ होते. (फ्रेंच शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. ‘ल’, ‘म’, ‘त’, ‘न’ ही अक्षरे मराठीत सुटी म्हणतात तशीच, ऱ्हस्व अकाराने वाचावीत.)

मराठीत असे काही होत नाही. ‘किल्ली मला दे’, ‘मला किल्ली दे’, ‘मला ती देऊ नकोस’, ‘ती मला देऊ नकोस’ ही सगळी वाक्ये चालतात; क्रम बदलला तर फार तर भर कशावर आहे ते बदलते. मराठी नकारात बदलते ते क्रियापद: ‘दे’चे ‘देऊ नकोस’. फ्रेंचमध्ये क्रियापद ‘दॉन’च राहते आणि हालचाल सगळी सर्वनामांची होते. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांत फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलांना हा धडा येतो तेव्हा आधार घ्यावा असे मातृभाषेत काही सापडत नाही. दोन वेगळे तक्ते पाठ केले जातात आणि परीक्षेत ते एकमेकांत मिसळतात.

खरे तर नकारार्थी आज्ञेसाठी वेगळा तक्ता लागतच नाही. फ्रेंचच्या साध्या विधानात कर्माची सर्वनामे नेहमी क्रियापदाच्या आधीच येतात. ‘तू मला ती देतोस’ हे ‘त्यू म ला दॉन’. त्याचा नकार ‘त्यू न म ला दॉन पा’. ‘न’ आणि ‘पा’ हे दोन शब्द मिळून नकार होतो. आता यातला ‘त्यू’, म्हणजे ‘तू’ हा कर्ता, काढून टाकला की उरते ‘न म ला दॉन पा’. हीच नकारार्थी आज्ञा. लेखनात या क्रियापदाचा शेवटचा न उच्चारला जाणारा ‘एस’ गळतो, तेवढाच फरक. म्हणजे नकारार्थी आज्ञा ही साध्या वाक्याच्याच चालीने चालते. वेगळी चाल आहे ती होकारार्थी आज्ञेची. पाठ्यपुस्तके बहुधा दोन्ही शेजारी शेजारी मांडतात आणि दोन्ही सारख्याच चमत्कारिक वाटू लागतात. चमत्कारिक आहे ती एकच.

त्यासाठी आधी साध्या वाक्यातली रांग पाहायला हवी. तिच्या सुरुवातीला ‘म’ (मला), ‘त’ (तुला), ‘नू’ (आम्हाला) आणि ‘वू’ (तुम्हाला) या बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांचा गट असतो. ‘स्वतःला’ या अर्थाचा ‘स’ही त्यांच्याच बरोबर बसतो. त्यानंतर वस्तू दाखवणारे ‘ल’, ‘ला’ आणि अनेकवचनी ‘ले’. त्यानंतर ‘ल्वी’ (त्याला, तिला) आणि ‘लर’ (त्यांना). शेवटी ‘तिथे’ या अर्थाचे ‘ई’ आणि ‘त्यातले, त्याबद्दल’ या अर्थाचे ‘आँ’. एका वाक्यात यातली दोनच सर्वनामे सहसा येतात, पण ती नेहमी याच क्रमाने.

या रांगेत एक विसंगती आहे आणि पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. ज्याला द्यायचे तो ‘मी’ किंवा ‘तू’ असेल, तर त्याचे सर्वनाम वस्तूच्या आधी येते: ‘म ला’. तो कुणी तिसरा असेल, तर वस्तूच्या नंतर येते: ‘ला ल्वी’. ‘तू मला ती देतोस’ हे ‘त्यू म ला दॉन’, पण ‘तू त्याला ती देतोस’ हे ‘त्यू ला ल्वी दॉन’.

होकारार्थी आज्ञेत ही विसंगती नाहीशी होते. तिथे वस्तू नेहमी आधी आणि घेणारा नंतर, मग तो घेणारा कुणीही असो. ‘दॉन-ला-म्वा’ म्हणजे ती मला दे, ‘दॉन-ला-नू’ म्हणजे ती आम्हाला दे, ‘दॉन-ला-ल्वी’ म्हणजे ती त्याला दे आणि ‘दॉन-ला-लर’ म्हणजे ती त्यांना दे. हेच नकारात नेले तर पहिल्या दोन वाक्यांत क्रम उलटतो: ‘न म ला दॉन पा’, ‘न नू ला दॉन पा’. नंतरच्या दोन वाक्यांत तो मुळीच उलटत नाही: ‘न ला ल्वी दॉन पा’, ‘न ला लर दॉन पा’. तिथे सर्वनामांची जोडी आहे तशी उचलून क्रियापदाच्या आधी ठेवली जाते.

म्हणजे ‘नकारात क्रम उलटा होतो’ हा वर्गात सांगितला जाणारा नियम अर्धाच खरा आहे. तो तसाच पाठ केलेला विद्यार्थी ‘न ल्वी ला दॉन पा’ असे लिहितो, आणि ते चूक असते. जागा सगळ्याच सर्वनामांची बदलते. आपसातला क्रम मात्र फक्त मी-तू-आम्ही-तुम्ही या गटापुरता बदलतो.

फ्रेंचच्या बहिणींकडे पाहिले की या दोन गोष्टींमधला फरक आणखी स्पष्ट होतो. स्पॅनिशमध्ये ‘ते मला दे’ हे ‘दामेलो’ आणि ‘ते मला देऊ नकोस’ हे ‘नो मे लो देस’. होकारात सर्वनामे क्रियापदाला मागून चिकटतात, नकारात सुटी होऊन आधी येतात; पण ‘मे’ आधी आणि ‘लो’ नंतर हा क्रम दोन्हीकडे सारखाच. इटालियनमध्येही होकारात ‘दाम्मेलो’ आणि नकारात ‘नॉन मे लो दारे’. इटालियन नकारात सर्वनामे क्रियापदाच्या मागे ठेवून ‘नॉन दार्मेलो’ असेही म्हणता येते आणि तेही तितकेच शुद्ध असते. जागा बदलो वा न बदलो, ‘मला’ आणि ‘ते’ यांचा आपसातला क्रम या दोन्ही भाषांत ढळत नाही. जागाही बदलायची आणि क्रमही, हा दुहेरी खटाटोप फ्रेंचचा आहे.

याचे कारण इतिहासात सापडते. जुन्या फ्रेंचमध्ये दोन सर्वनामांचा क्रम सर्वत्र एकच होता: वस्तू आधी, घेणारा नंतर. आज ‘मी तुला ते देतो’ हे ‘ज त ल दॉन’ असे म्हणतात. जुन्या भाषेत ‘ज ल त दॉन’ या क्रमाने म्हणत. मध्ययुगाच्या अखेरीच्या शतकांत मी-तू या गटाची सर्वनामे हळूहळू पुढे सरकली आणि ‘त ल’, ‘म ल’ हा नवा क्रम रूढ झाला. हा बदल दोन ठिकाणी मात्र पोचला नाही. एक म्हणजे ‘ल ल्वी’, ‘ल लर’ या जोड्या. दुसरे ठिकाण होकारार्थी आज्ञा. ‘दॉन-ला-म्वा’मध्ये आज जो विचित्र वाटतो, तो क्रम खरे तर सगळ्यात जुना आहे. विद्यार्थी ज्याला अपवाद म्हणून पाठ करतो, तो एके काळचा नियम आहे.

सर्वनामे होकारात क्रियापदाच्या पुढे आणि नकारात आधी का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही जुन्या भाषेतच आहे. ‘म’, ‘त’, ‘ल’ ही आघात नसलेली, दुबळी सर्वनामे आहेत. जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिच्या बहिणींमध्येही अशा सर्वनामाने वाक्याची सुरुवात करता येत नसे. त्याच्या आधी कोणता तरी शब्द टेकू म्हणून लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आडोल्फ टोब्लर आणि आडोल्फो मुस्साफिया या दोन अभ्यासकांनी ही गोष्ट नीट मांडली, म्हणून भाषाशास्त्रात हा नियम त्या दोघांच्या नावांनी ओळखला जातो. साध्या वाक्यात कर्ता किंवा दुसरा कोणता शब्द आरंभी असे, त्यामुळे सर्वनाम क्रियापदाच्या आधी बसू शके. होकारार्थी आज्ञेत कर्ता नसतो आणि वाक्य क्रियापदानेच सुरू होते, म्हणून सर्वनामाला मागे जावे लागे. नकारार्थी आज्ञेत पहिली जागा ‘न’ने घेतलेली असते. टेकू मिळाला की सर्वनाम पुन्हा क्रियापदाच्या आधी.

हा टेकूचा नियम सतराव्या शतकातही पुरता विझला नव्हता, याचा एक छान पुरावा आहे. दोन आज्ञा ‘आणि’ने जोडल्या असतील, तर दुसऱ्या आज्ञेचे सर्वनाम क्रियापदाच्या आधी ठेवता येई, कारण ‘आणि’ने आरंभीची जागा भरलेली असे. ब्वालोच्या ‘लार पोएतीक’ या 1674 साली प्रसिद्ध झालेल्या काव्यात, लिहिलेले पुन्हा पुन्हा घासूनपुसून घ्यावे, असा सल्ला देणारी एक प्रसिद्ध ओळ आहे. तिच्यात पहिल्या आज्ञेत सर्वनाम क्रियापदाच्या मागे आहे आणि ‘आणि’नंतरच्या दुसऱ्या आज्ञेत तेच सर्वनाम क्रियापदाच्या आधी. दोन्ही आज्ञा होकारार्थीच आहेत. आज कुणी असे लिहिले तर ते हेतुपूर्वक जुनाट वाटते.

‘म’चे ‘म्वा’ का होते, हेही या जागेवरूनच कळते. फ्रेंचमध्ये जोर शब्दसमूहाच्या शेवटच्या अवयवावर पडतो. होकारार्थी आज्ञेत ‘मला’ शेवटी येते आणि दुबळे ‘म’ हा जोर पेलू शकत नाही, म्हणून तिथे ‘म्वा’ हे सबळ रूप लागते. ‘त’चे तसेच ‘त्वा’ होते. ‘नू’, ‘वू’, ‘ल्वी’, ‘लर’ यांना वेगळे सबळ रूप घ्यावे लागत नाही. ‘दॉन-ल-म्वा’मधले मधले ‘ल’ घाईच्या बोलण्यात इतके पुसट होते की नवख्याला ‘दॉन्ल्म्वा’ असे काहीतरी ऐकू येते आणि ‘ते’ हा शब्द वाक्यात होता हेच कळत नाही.

‘म्वा’च्या पुढे आणखी एखादे सर्वनाम आले तर शेवटची जागा जाते आणि सबळ रूपही जाते. हे ‘आँ’बरोबर घडते. समजा जेवणाच्या टेबलावर कुणी पाव मागितला: ‘दॉन-म्वा द्यू पँ’, मला पाव दे. पाव हा शब्द टाळून ‘त्यातला मला दे’ म्हणायचे, तर ‘द्यू पँ’च्या जागी ‘आँ’ येते. ‘आँ’ नेहमी शेवटी, म्हणून ‘मला’ त्याच्या आधी. आणि स्वरापुढे ‘म’चा अकार गळून ‘दॉन-म’आँ’ होते. नकारात ‘न म’आँ दॉन पा’. इथे आज्ञा होकारार्थी असो वा नकारार्थी, ‘म’ आधी आणि ‘आँ’ नंतर. त्याला दे म्हणायचे तर ‘दॉन-ल्वी-आँ’ आणि ‘न ल्वी आँ दॉन पा’. पुन्हा तोच क्रम. ‘आँ’ कधीच कुणाच्या पुढे जात नसल्याने या जोड्यांत उलटापालट होत नाही, आणि विद्यार्थ्याने इथे उगाच क्रम उलटवला तर चूक होते.

एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू. ‘मला फोटो पाठव’ हे फ्रेंचमध्ये ‘आँव्वा-म्वा ले फोतो’. ‘ले फोतो’ या अनेकवचनी नामाच्या जागी ‘ले’ हे सर्वनाम घ्यायचे. आज्ञा होकारार्थी आहे, म्हणून वस्तू आधी: ‘आँव्वा-ले-म्वा’. आता नकार. होकारार्थी वाक्य उलटे करत बसण्यापेक्षा आधी साधे विधान करावे: ‘त्यू म ले आँव्वा’, तू मला ते पाठवतोस. त्यात नकार घालावा: ‘त्यू न म ले आँव्वा पा’. कर्ता काढावा: ‘न म ले आँव्वा पा’. तीन पायऱ्यांत वाक्य तयार होते आणि क्रम आठवावा लागत नाही. आदरार्थी आज्ञेतही हेच: ‘आँव्वाये-ले-म्वा’, ‘न म ले आँव्वाये पा’. स्वतःवर होणाऱ्या क्रियेतही तसेच चालते. ‘हात धू’ हे ‘लाव-त्वा ले मँ’. हातांसाठी सर्वनाम घेतले की ‘लाव-ले-त्वा’, आणि नकारात ‘न त ले लाव पा’.

लेखनात होकारार्थी आज्ञेची सर्वनामे क्रियापदाला आणि एकमेकांना छोट्या आडव्या रेघांनी जोडतात. नकारार्थी आज्ञेत एकही रेघ नसते. ‘म’आँ’मध्ये लोपचिन्ह असल्याने त्या दोघांमध्ये रेघ येत नाही. पण सर्वनाम नेमके कोणत्या क्रियापदाचे, हे पाहिल्याशिवाय रेघ घालू नये. ‘वा ला शेर्शे’, म्हणजे जा, ती घेऊन ये. इथे ‘ला’ हे ‘वा’ला, म्हणजे ‘जा’ला, लागून आले असले तरी ते ‘शेर्शे’चे, म्हणजे ‘आणणे’ या क्रियेचे कर्म आहे. म्हणून इथे रेघ नाही आणि आज्ञेचा क्रमही लागू होत नाही. ‘मला ते त्याला सांगू दे’ यात तर सर्वनामे विभागली जातात: ‘लेस-म्वा ल ल्वी दीर’. ‘म्वा’ हे ‘लेस’, म्हणजे ‘दे’ या आज्ञेचे, म्हणून ते तिच्यामागे रेघ घेऊन येते. ‘ल ल्वी’ हे ‘दीर’चे, म्हणजे ‘सांगणे’चे, म्हणून ते त्याच्या आधी साध्या वाक्यासारखे. याउलट ‘करणे’ या अर्थाचे ‘फेर’ दुसऱ्या क्रियापदाची सर्वनामे आपल्याकडे ओढून घेते: ‘मला ते कळवा’ हे ‘फेत-ल-म्वा साव्वार’. व्यवहारात हे वाक्य इतके लागते की ते अख्खेच तोंडात बसवलेले बरे.

काही जोड्या फ्रेंच मुळी स्वीकारतच नाही. ‘मला त्याच्याशी ओळख करून दे’ असे म्हणताना ‘म’ आणि ‘ल्वी’ एकत्र आणता येत नाहीत, ना होकारात ना नकारात. तिथे ‘प्रेझाँत-म्वा आ ल्वी’ असे शब्दयोगी ‘आ’ मध्ये घालून दुसरे सर्वनाम बाहेर ठेवावे लागते. अशा वेळी क्रमाचा प्रश्नच मिटतो.

नियमाला वाकवणारा एक रूढ वाक्प्रयोगही आहे. ‘हे शेवटचे सांगतो, ध्यानात ठेवा’ अशा दटावणीसाठी ‘तने-वू-ल पूर दी’ म्हणतात. नियमाप्रमाणे ‘ल’ आधी हवे, पण या प्रयोगात ‘वू’ आधी येते आणि सुशिक्षितही ते बिनदिक्कत लिहितात.

रोजच्या बोलण्यात असा वाकवलेला क्रम बराच ऐकू येतो. ‘दॉन-ला-म्वा’ऐवजी ‘दॉन-म्वा-ला’ म्हणणारे फ्रान्समध्येही आहेत आणि कॅनडातल्या केबेकमध्ये तर हा क्रम घरोघरी आहे. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. नाम घालून बोलताना ‘दॉन-म्वा ला क्ले’ असे ‘म्वा’ आधीच येते, आणि साध्या वाक्यातही ‘म ला’ असाच क्रम असतो. दोन्हीकडून एकच ओढ असताना होकारार्थी आज्ञेतला जुना क्रम एकटा पडतो. ‘दॉन-म’आँ’ऐवजी लोक ‘दॉन-म्वा-झ-आँ’ असेही म्हणतात. त्यातला ‘झ’ हा ‘दॉने-नू-झाँ’सारख्या शुद्ध रूपांतून, जिथे तो ‘नू’च्या शेवटच्या मुक्या व्यंजनातून उमटतो, उचललेला आहे. शाळेच्या वहीत ही सगळी रूपे लाल शाईने कापली जातात.

नकाराच्या बाबतीत बोलभाषा दोन उलट दिशांना गेली आहे. फ्रान्समध्ये बोलताना नकारातला ‘न’ सर्रास गळतो आणि ‘म ला दॉन पा’ उरते. म्हणजे दुबळ्या सर्वनामाने वाक्य सुरू होते, जे जुन्या टेकूच्या नियमाला मुळीच मान्य झाले नसते. ‘काळजी करू नकोस’ याचे पूर्ण रूप ‘न त’अँक्येत पा’. आज त्यातला ‘न’ही गळतो, ‘पा’ही गळतो आणि मित्रामित्रांत नुसते ‘त’अँक्येत’ म्हटले जाते. या वाक्यात नकाराचा एकही शब्द उरलेला नाही. तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण होकारार्थी आज्ञा असती तर ती ‘अँक्येत-त्वा’ झाली असती. सर्वनाम क्रियापदाच्या आधी आहे, एवढ्यावरूनच नकार कळतो. केबेकमध्ये नेमके उलटे झाले आहे. तिथे बोलताना होकारार्थी आज्ञा जशीच्या तशी घेऊन तिच्यापुढे ‘पा’ जोडतात: ‘दॉन-म्वा-ला’ म्हणजे ती मला दे आणि ‘दॉन-म्वा-ला पा’ म्हणजे ती मला देऊ नकोस. सर्वनामे हलत नाहीत आणि क्रमही बदलत नाही. नकाराचा सगळा भार ‘पा’वर. तीच माणसे औपचारिक लेखनात मात्र ‘दॉन-ला-म्वा’ आणि ‘न म ला दॉन पा’ असेच लिहितात.